'ल. नको सां.' : स्वतःसाठी लिहिलेलं टिपण ग्रुपवर गेलं की त्याचं कोडं का होतं?

गुरुवारी रात्री १० वाजून ५२ मिनिटांनी एका लग्नाच्या ग्रुपवर हा मेसेज येतो, असं समजा.

शनि ११ का. फा. + २ झे.
पु. ४० – १/२ आधी
ल. नको सां.

पाठवणारी आहे मुलीची आत्या. ग्रुपवर ३१ माणसं, त्यातली निम्मी मुलाकडची. आत्या फोन चार्जिंगला लावते आणि झोपते. मेसेज आपल्या स्वतःच्या चॅटऐवजी ग्रुपवर गेलाय, याचा तिला पत्ताच नसतो.

हा प्रसंग उदाहरणासाठी रचलेला आहे. पण अशा तीन ओळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडलेल्या बहुतेकांनी पाहिलेल्या असतात. कधी ऑफिसच्या ग्रुपवर, कधी सोसायटीच्या. सहसा दोन हसऱ्या इमोजींवर विषय संपतो, पण कधीकधी तो संपत नाही. या तीन ओळींचं पुढे काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे.

पहिला रिप्लाय येतो मुलाच्या मामेभावाचा: "हे काय, उखाण्याचा नवीन प्रकार का?" मग कुणीतरी लिहितं, "सोडवा बरं." इथून खेळ सुरू होतो. मुलाच्या काकांना पत्रिकेतलं थोडंफार कळतं. ते 'शनि ११' वाचून म्हणतात, शनी अकराव्या स्थानात. एकदा पत्रिकेचा विषय निघाला, की 'का. फा.' म्हणजे कार्तिक आणि फाल्गुन, हे ओघानेच येतं. '२ झे.' ला कुणी झेंडूचे दोन हार म्हणतं. 'पु. ४०' वर थोडी चर्चा होते आणि पुणे ४० हा पत्ता ठरतो, कारण पुणेकर आपला पिनकोड असाच सांगतात. '१/२' ही तारीख, म्हणजे १ फेब्रुवारी. एवढं जमल्यावर शेवटची ओळ आपोआप लागते. ज्या ग्रुपचं नावच लग्नावरून ठेवलंय, तिथे 'ल.' म्हणजे दुसरं काय असणार? 'लग्न नको, सांगा.'

साडेअकराला ग्रुप एकदम शांत होतो. आता कुणीच हसत नसतं.

मुलाकडच्यांचा स्वतःचा वेगळा ग्रुप असतोच. चर्चा तिकडे सरकते. मुलीच्या घरी कुणीतरी पत्रिका परत दाखवली, काहीतरी खटकलं, आत्याने ते भावाला कळवायला लिहिलं आणि चुकून इथे टाकलं, अशी पूर्ण गोष्ट तयार होते. सकाळी सात वाजता मुलाची आई विहीणबाईंना फोन करते आणि पहिलंच वाक्य असतं, "तुमच्या मनात काही असेल तर स्पष्ट सांगा."

आत्याने लिहिलेलं होतं ते असं: शनिवारी ११ वाजता कार्यालयाच्या मॅनेजरकडे जायचं, पावत्यांची काळी फाइल आणि दोन झेरॉक्स घ्यायच्या. केळवणासाठी पुरणपोळ्या ४०, अर्धे पैसे आधी द्यायचे. आणि लसूण नको, असं केटररला सांगायचं. लसूण का नको, तर मुलाची आजी खात नाही म्हणून.

टिपणात नेमकं काय गळतं?

स्वतःसाठी लिहिताना माणूस माहिती लिहीत नाही. माहिती डोक्यात असतेच, ती वेळेवर आठवावी म्हणून एक खूण ठेवायची असते. रुमालाला गाठ मारतात तसंच. आत्याला 'का. फा.' लिहिताना कपाटातली ती काळी फाइल दिसत होती. त्यामुळे जे तिला पक्कं माहीत होतं, नेमकं तेच तिने लिहिलं नाही. दुसऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते.

यात मराठीची एक खास अडचण आहे. संक्षेप करताना आपण शब्दाचं पहिलं अक्षर ठेवतो आणि मागचा भाग कापतो. पण मराठीत कोणी, कोणाला, कधी, हे सगळं शब्दाच्या शेपटीत असतं. लताने, लताला, लताची यांतला फरक प्रत्ययाचा. सांगा, सांगू, सांगते, सांगितलं, सांगायचं यांतला फरकही शेवटी. 'सां.' लिहिलं की हा सगळा फरक पुसला जातो. हुकूम आहे, विनंती आहे, झालेली गोष्ट आहे की करायचं काम आहे, काही कळत नाही. राहतं फक्त कशाबद्दल, तेही अर्धंच.

त्यातून 'नको' हा शब्द मध्ये आला की आणखी घोळ होतो. 'ल. नको, सां.' म्हणजे ल. नको असं सांगायचं. 'ल. – नको सां.' म्हणजे ल. ला सांगू नकोस. बोलताना आपण योग्य जागी थांबतो म्हणून अर्थ कळतो. लिहिताना ते काम स्वल्पविराम करतो, आणि घाईत लिहिलेल्या टिपणात स्वल्पविराम कोण टाकतं? त्या ग्रुपवर एखादी लता असती, तर तिच्यापासून काहीतरी लपवलं जातंय असा तिसराच अर्थ निघाला असता आणि तोही तितकाच पटला असता.

आकड्यांचंही असंच होतं. आकडे नेमके वाटतात, पण त्यांच्यापुढे वाजता, रुपये, नग यातलं काही नसेल तर ते अक्षरांपेक्षा जास्त फसवतात. '१/२' म्हणजे अर्धा की फेब्रुवारीची पहिली तारीख, हे त्या चिन्हात कुठेच लिहिलेलं नाही.

आता जरा मोजून बघू. 'शनि'चे दोन अर्थ धरा, वार आणि ग्रह. '११'चे तीन: वाजता, तारीख आणि स्थान. 'पु.' आणि 'ल.' यांचे प्रत्येकी तीन. 'का. फा.', 'झे.', '१/२' आणि 'सां.' यांचे प्रत्येकी दोनच. हा अगदी हात राखून केलेला हिशोब आहे, तरी गुणाकार ८६४ येतो. तीन ओळींचे ८६४ अर्थ, आणि त्यातला एकच खरा. मजकूर मोठा असता तर पुढच्या वाक्यांनी चुकीचे अर्थ बाद केले असते. तीन ओळींत तेवढा मजकूरच नसतो. म्हणून अशा टिपणाचा 'उलगडा' झाला असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा वाचणाऱ्याने स्वतःच्या मनातली गोष्ट त्यात भरलेली असते. काकांना पत्रिका दिसली, कारण काकांना पत्रिका कळते. त्यांच्या जागी केटरर असता तर त्याला पुरणपोळ्या दिसल्या असत्या.

लोक त्याला कोडं का समजतात?

आपल्याला अर्थ लागला नाही तर 'हे आपल्यासाठी नसेल' असं पटकन का वाटत नाही? याचं एक चांगलं स्पष्टीकरण ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी दिलं. त्यांनी १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यानं दिली आणि त्यातला संभाषणावरचा भाग १९७५ मध्ये छापून आला. त्यांचा मुद्दा साधा आहे. कुणी आपल्याशी बोलतं तेव्हा ते कामाचं, पुरेसं आणि समजेल असं बोलतंय, हे आपण आधीच धरून चालतो. वाक्य तसं वाटलं नाही तर आपण बोलणाऱ्याला सोडून देत नाही, त्याच्या बोलण्यामागे दडलेला अर्थ शोधायला लागतो. "जेवायला येतोस का?" यावर "उद्या पेपर आहे" असं उत्तर आलं, तर त्यात नकार आहे हे आपल्याला कळतं ते याच सवयीमुळे.

रोजच्या बोलण्यात ही सवय फार उपयोगाची आहे. पण ती एका अटीवर चालते: बोलणारा आपल्याशीच बोलत असला पाहिजे. चुकून आलेल्या टिपणात ती अटच मोडलेली असते आणि वाचणाऱ्याला ते दिसत नाही. त्याच्या स्क्रीनवर मेसेज ग्रुपमध्येच आलेला असतो, आत्याचं नाव असतं, वेळ असते. मेसेज दिसायला बाकी मेसेजसारखाच. मग यात काहीतरी दडलंय, असाच निष्कर्ष निघतो.

पाठवणारा कोण आहे यावर तो दडलेला अर्थ किती गंभीर हे ठरतं. २८ मार्च २०२१ ला अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक कमांडच्या ट्विटर अकाउंटवरून एक ट्वीट पडलं:

```
;l;;gmlxzssaw
```

एवढंच. एखाद्या कॉलेजच्या पोराने हे टाकलं असतं तर फोन खिशात दाबला गेला म्हणून लोक पुढे गेले असते. पण ही कमांड अमेरिकेची अण्वस्त्रं सांभाळते. त्यामुळे हा हल्ल्याचा कोड आहे का, अकाउंट हॅक झालंय का, इथपर्यंत चर्चा गेली. थोड्याच वेळात ट्वीट काढलं गेलं. नंतर एका पत्रकाराने माहिती अधिकारात विचारल्यावर कळलं, की अकाउंट सांभाळणारा कर्मचारी घरून काम करत होता, क्षणभर उठला आणि त्याच्या लहान मुलाने कीबोर्डवर हात मारला. इथे तर मुळात अर्थच नव्हता. तरी तो शोधला गेला, कारण अकाउंट वजनदार होतं. लग्नाच्या ग्रुपवर मुलीच्या आत्याचं वजन असंच असतं.

आणि पाठवणाऱ्याला ते कळत का नाही?

सकाळी आत्याला उठवून विचारलं, तर तिची पहिली प्रतिक्रिया बहुधा अशी असेल: "अहो, त्यात न कळण्यासारखं काय आहे? काळी फाइल, झेरॉक्स!" तिचं हे म्हणणं खोटं नाही. तिला ते वाचताना खरंच पूर्ण वाक्यं ऐकू येतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये आपल्या पीएचडीसाठी एक प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांची चाल फक्त बोटाने टेबलावर वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, किती ओळखली जातील? त्यांचा अंदाज होता, साधारण निम्मी. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, सूर, तबला सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. हा प्रयोग घरी करून बघायला पाच मिनिटं लागतात आणि वाजवणाऱ्याची चिडचिड बघण्यासारखी असते.

'ल. नको सां.' ही आत्याची टकटक होती. म्हणून तिने सकाळी ग्रुपवर नुसतं "सॉरी, चुकून आलं, माझ्या कामाचं होतं" एवढंच लिहिलं तर तिला ते पुरेसं वाटेल. ज्यांनी रात्रभर त्यात 'लग्न नको' वाचलं, त्यांना ती सारवासारव वाटेल.

मग करायचं काय?

अशा वेळी हात सगळ्यात आधी डिलीटकडे जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय २०१७ मध्ये आली. तेव्हा मुदत फक्त ७ मिनिटांची होती, २०२२ पासून ती दोन दिवसांपेक्षा थोडी जास्त आहे. म्हणजे आत्याला सकाळी उठून तो मेसेज काढता येईल. पण मेसेजच्या जागी तो डिलीट केल्याची ओळ राहते. कुणी त्या मेसेजला धरून रिप्लाय दिला असेल, तर त्या रिप्लायमध्ये मूळ शब्द दिसत राहतात. फॉरवर्ड आणि स्क्रीनशॉट तर हाताबाहेरच गेलेले असतात. ज्यांनी वाचलंय त्यांना डिलीट म्हणजे कबुली वाटते. तोपर्यंत ज्या मोजक्यांनी ते गमतीने घेतलं होतं, तेही आता विचार करायला लागतात.

एक वेगळी चूक घाबरल्यावर होते. सगळ्यांसाठी डिलीट करायच्या ऐवजी फक्त स्वतःसाठी डिलीट होतं. मग आपल्या फोनवर मेसेज नाही, बाकी ३० जणांकडे आहे, आणि आता आपल्याला तो काढताही येत नाही. यासाठी २०२२ च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपने परत आणण्याचं बटण दिलं, पण ते पाचच सेकंद दिसतं.

एडिट करायची सोय २०२३ पासून आहे, पाठवल्यापासून १५ मिनिटांत. पण एडिट केल्याची नवी सूचना कुणाला जात नाही. ज्याने जुनं वाचलं तो वर जाऊन पुन्हा बघेलच असं नाही.

त्यामुळे आधी उलगडा, मग लागलंच तर डिलीट, हा क्रम बरा. आणि उलगडा अख्खा हवा, ओळीला ओळ लावून: शनिवारी ११ ला कार्यालयात, काळी फाइल, दोन झेरॉक्स, पुरणपोळ्या ४०, अर्धे पैसे आधी, आजींसाठी लसूण नको. सगळे तुकडे एका साध्या गोष्टीत बसले की दुसरी गोष्ट आपोआप पडते. फक्त वादाच्या ओळीचा खुलासा केला तर बाकीच्या दोन ओळी पुन्हा शंकेला जागा देतात. ज्या घरी गैरसमज झालाय तिथे मात्र फोनच करावा, ग्रुपवरचा खुलासा तिथे पुरत नाही.

टिपणात एटीएमचा पिन, पासवर्ड किंवा कुणाच्या औषधाचं नाव असेल तर क्रम उलटा. आधी सगळ्यांसाठी डिलीट, लगेच पिन बदलायचा, मग बोलायचं. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्ये आलेल्या नोटिफिकेशनची यादी साठवायची सोय आहे. ती चालू असेल तर डिलीट केलेल्या मेसेजचा मजकूरही तिथे सापडू शकतो. म्हणून 'काढला, आता काळजी नाही' असं धरून चालू नये.

मुळात मेसेज भलतीकडे जातो कसा, तेही बघायला हवं. चॅटची यादी सतत हलत असते. नवा मेसेज आला की ती चॅट वर चढते आणि बाकीच्या एक घर खाली सरकतात. आत्याचं बोट सगळ्यात वरच्या, स्वतःच्या चॅटवर पडत होतं. त्याच क्षणी ग्रुपवर कुणीतरी हळदीच्या साडीचा फोटो टाकला. ग्रुप वर आला आणि बोटाखाली तोच सापडला. स्वतःला मेसेज करायची चॅट व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ च्या शेवटी दिली. ती पिन करून ठेवली तर बाकी चॅट कितीही हलल्या तरी पिन केलेली वरच राहते. मात्र तिच्या शेजारी लग्नाचा ग्रुपही पिन केला तर काही उपयोग नाही. आणखी एक सोपी युक्ती म्हणजे त्या एका चॅटला वेगळा, भडक वॉलपेपर लावायचा. लिहिताना वरचं नाव कुणी वाचत नाही, पण मागे लालभडक रंग नसेल तर डोळ्याला लगेच खटकतं.

तुम्ही वाचणारे असाल तर

असं टिपण ओळखायच्या काही खुणा आहेत. त्यात कुणाला हाक नसते, अहो-जाहो नसतं, प्रश्न नसतो. अक्षरांपुढे टिंबं असतात आणि आकड्यांपुढे रुपये, किलो, वाजता असं काही नसतं. ओळींचा एकमेकींशी संबंध नसतो, कारण प्रत्येक ओळ वेगळ्या कामाची असते. आधीच्या गप्पांशीही काही मेळ नसतो. आणि पाठवणारा नंतर गायब असतो. खरंच कोडं घालणारा माणूस उत्तरांची वाट बघत तिथेच थांबलेला असतो. १० वाजून ५२ मिनिटांनी मेसेज टाकून साडेअकरापर्यंत एक शब्दही न बोलणारी आत्या कोडं घालत नव्हती, हे त्यावरूनच कळायला हवं होतं.

यातल्या दोन-तीन खुणा दिसल्या तर ग्रुपवर काही न लिहिता पाठवणाऱ्याला वेगळा मेसेज करावा: "आत्या, हे ग्रुपवर आलंय, बघ." झोपली असेल तर सकाळी बघेल. मजेचा पहिला रिप्लाय पडला, की पुढच्या प्रत्येकाला ते कोडंच दिसतं. मामेभावाने 'उखाणा' हा शब्द वापरला नसता, तर काकांनी कदाचित पत्रिका उघडलीही नसती.